शाळाभेटीसाठी वेळ मागणारा मेल: दोन दिवस सुचवताना काय लिहावं

बदली होऊन दुसऱ्या शहरात जाणाऱ्या पालकांना शाळा बहुतेकदा एकाच फेरीत बघावी लागते. घर शोधायचं, नव्या ऑफिसात डोकावायचं आणि त्यातच दोन-तीन शाळा उरकायच्या. अशा वेळी शाळेला "आम्हाला शाळा बघायची आहे, कधी येऊ?" एवढाच मेल गेला, तर तिकडून प्रश्न येतात. कितवीसाठी? कोणत्या वर्षासाठी? सध्या कुठल्या बोर्डात? उत्तरं देण्यात आठवडा जातो आणि फेरीचे दिवस संपतात.

पहिल्यांदाच असा मेल लिहिणाऱ्यांसाठी एकच उदाहरण घेऊन सगळं बघू. एक मराठी कुटुंब बंगळूरला राहतं. मुलगी तिथे सीबीएसईच्या शाळेत पाचवीत आहे. आईची बदली पुण्याला झाली आहे आणि एप्रिल २०२७ मध्ये सुरू होणाऱ्या वर्षात मुलीला पुण्यातल्या सीबीएसई शाळेत सहावीत घालायचं आहे. डिसेंबरमध्ये चौघा-पाच जणांना भेटून घर पक्कं करायला ते पुण्यात येणार आहेत: शुक्रवार १८ ते सोमवार २१ डिसेंबर २०२६.

मेल आधी कोणाच्या हातात पडतो

मायना मुख्याध्यापकांच्या नावाचा असला, तरी मेल उघडतात कार्यालयातले क्लार्क किंवा प्रवेशाचं काम बघणाऱ्या मॅडम. त्यांना दोन गोष्टी तपासाव्या लागतात: त्या इयत्तेत जागा आहे का आणि त्या दिवशी मुख्याध्यापक किंवा समन्वयक शाळेत आहेत का. या दोन्हींसाठी लागणारी माहिती तुमच्या मेलमध्येच असेल, तर त्या आत जाऊन विचारतात आणि "शुक्रवारी ११ला या" असं कळवून मोकळ्या होतात. माहिती नसेल, तर मेल "नंतर बघू"च्या ढिगात जातो. त्यात आळस असतोच असं नाही. डिसेंबरमध्ये त्याच टेबलावर स्नेहसंमेलनाची बिलं, शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि दाखल्यांचे अर्जही पडलेले असतात.

म्हणून पहिली पायरी फोनची. शाळेच्या संकेतस्थळावर बहुधा एक सर्वसाधारण पत्ता दिलेला असतो आणि तो रोज बघितला जाईल याची खात्री नसते. कार्यालयाला फोन करून एवढंच विचारा: "सहावीच्या प्रवेशाचं कोण बघतं, आणि मेल कुठे पाठवू?" शाळा भरताना आणि सुटताना फोन करू नका. त्या वेळी फोन उचलणारा माणूस रिक्षावाले, उशिरा आलेली मुलं आणि विसरलेले डबे यांत अडकलेला असतो. मधल्या वेळेत निवांत उत्तर मिळतं.

याच फोनवर कळतं की शाळेचा ऑनलाइन चौकशी फॉर्म आहे का. असला तर तो आधी भरा आणि मेलमध्ये त्याचा नोंदणी क्रमांक द्या. मात्र फॉर्मला पैसे पडत असतील तर थोडं थांबा. कारण पुढे येतंच.

सहावीत जागा कुठून येतात

ही गोष्ट नीट कळली, तर मेलचा सूर आपोआप ठरतो. नर्सरी, ज्युनिअर केजी किंवा पहिली या शाळेत शिरण्याच्या इयत्ता. तिथे शाळा नव्याने तुकड्या भरते. सहावीत तसं होत नाही. पाचवीची मुलं तशीच वर जातात आणि जागा होते ती कुणी शाळा सोडली तरच. कोण सोडणार हे शाळेलाही डिसेंबरमध्ये माहीत नसतं. दाखल्यांचे अर्ज येऊ लागतात ते वर्ष संपत आल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास.

त्यामुळे डिसेंबरात "सध्या जागा नाही" हे उत्तर खरं असतं, पण ते अखेरचं नसतं. विचारायचं ते असं: "जागा होण्याची शक्यता कितपत आहे, आणि प्रतीक्षा यादीत नाव कसं घालायचं?" हे मेलमध्येच लिहिलं की क्लार्कला नकार कळवण्याची घाई राहत नाही. पैसे भरून घ्यायच्या फॉर्मबद्दल थांबायला सांगितलं तेही यासाठीच. शाळेत प्रतीक्षा यादी चालते का, एवढं कळल्याशिवाय पैसे अडकवण्यात अर्थ नाही.

बदलीचा उल्लेखही इथे कामाला येतो. सीबीएसईच्या नियमाप्रमाणे एका तुकडीत साधारण ४० मुलं धरतात. पालकांच्या बदलीसारख्या कारणासाठी काही अटींवर थोडी सवलत मिळू शकते. ती द्यायची की नाही हे शाळा ठरवते. पण कारणच लिहिलं नसेल, तर विचार तरी कशाचा करणार? "काही वैयक्तिक कारणास्तव पुण्यात स्थलांतरित होत आहोत" असल्या गोलमोल वाक्यापेक्षा "नोकरीतील बदलीमुळे" हे दोन शब्द जास्त उपयोगाचे.

दोन दिवस कोणते निवडायचे

एकच दिवस दिला आणि त्या दिवशी शाळेची सहल निघाली, तर विषय संपला. "कोणताही दिवस चालेल" असं लिहिलं, तर दिवस निवडायचं काम तुम्ही क्लार्कवर टाकलं, आणि तेही मागे पडतं. दोन दिवस आणि प्रत्येक दिवशी दोन-अडीच तासांची वेळ दिली, तर त्यात शाळेला आपली अर्ध्या तासाची भेट बसवता येते.

आपल्या उदाहरणातल्या कुटुंबाकडे शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस आहेत. रविवार गेलाच. शनिवार सगळ्यांना सोयीचा वाटतो, पण मला तो शाळाभेटीसाठी पटत नाही. काही शाळांना शनिवारी सुट्टी असते, काहींना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, आणि उरलेल्या बऱ्याच ठिकाणी अर्धा दिवस शाळा. १९ डिसेंबर तिसरा शनिवार आहे, म्हणजे शाळा कदाचित उघडी असेलही. पण वर्ग लवकर सुटलेले असतील तर बघायला मिळतात भिंती, बाकं आणि कुलूप लावलेली प्रयोगशाळा. मधल्या सुट्टीत मुलं कशी वागतात, शिक्षक वर्गात कसे बोलतात, पाण्याच्या नळापाशी किती गर्दी होते, हे भरलेल्या शाळेतच कळतं.

तेव्हा शुक्रवार १८ आणि सोमवार २१ हे दोन दिवस द्यावेत. शनिवार-रविवार घर बघायला मोकळे राहतात. शुक्रवारचं काही बिनसलं, तर सोमवार हाताशी आहे, आणि घर पाहून झाल्यामुळे सोमवारी बसचा मार्गही नेमका विचारता येतो. तुम्ही त्याच शहरात राहत असाल तर हा हिशोब बदलेल. मग दोन दिवस वेगवेगळ्या आठवड्यांतले द्या, म्हणजे परीक्षेचा आठवडा आला तरी दोन्ही दिवस एकदम बाद होणार नाहीत.

वेळेचंही तसंच. शाळा भरल्यावर पहिला तास सोडा. प्रार्थना, हजेरी, एखाद्या शिक्षकाची रजा असेल तर बदली तास लावणं, यात मुख्याध्यापक गुंतलेले असतात. सोमवारी तर शनिवार-रविवारचं साचलेलंही असतं. सकाळी १० नंतरची वेळ बहुतेक शाळांना झेपते. दोन पाळ्यांत भरणारी शाळा असेल तर मोठ्या मुलांचे वर्ग कोणत्या पाळीत असतात ते फोनवरच विचारून घ्या. नाहीतर दुपारी १ला जाऊन तुम्ही बालवाडीची पाळी बघून याल.

डिसेंबर निवडताना एक सावधगिरी. याच महिन्यात स्नेहसंमेलनं आणि क्रीडास्पर्धा असतात, आणि बऱ्याच इंग्रजी माध्यमाच्या शाळांना नाताळची सुट्टी लागते. २१ तारखेच्या पुढे सरकू नका. संकेतस्थळावर शाळेची वार्षिक दिनदर्शिका असेल तर ती पाच मिनिटं चाळा. आणि तारखेसोबत वार लिहिलात की तो कॅलेंडरवर पडताळून बघा. "गुरुवार, १८ डिसेंबर" असं गेलं, तर क्लार्क बिचाऱ्या वार धरणार की तारीख?

भेट एक, कामं दोन

शाळा बघणं आणि प्रवेशाबद्दल बोलणं या दोन गोष्टी पालक एकाच वाक्यात बांधतात. शाळेच्या बाजूने त्या वेगळ्या माणसांची कामं असतात. शाळा दाखवायला एखाद्या शिक्षिका किंवा शिपाईमामा येतात आणि त्यांना प्रवेशाचं काही सांगता येत नाही. प्रवेशाचं बोलणं मुख्याध्यापक किंवा समन्वयकांशी. दोन्ही हवं असेल तर दोन्ही लिहा, बोलण्यासाठी किती वेळ हवा तेही लिहा. पंधरा-वीस मिनिटं मागितली तर सहसा मिळतात. "सविस्तर चर्चा" हा शब्द मात्र टाळा. तो वाचून समोरचा माणूस तासाभराची तयारी करतो किंवा भेट टाळतो.

चर्चेत काय विचारणार आहात तेही एका वाक्यात सांगावं. या कुटुंबाचे खरे प्रश्न दोनच आहेत. एक, जागेची शक्यता. दुसरा, मराठी. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं. ही मुलगी घरी मराठी बोलते, पण बंगळूरच्या शाळेत तिने मराठी विषय कधी घेतलेला नाही. तिथे ती कन्नड शिकली. सहावीच्या पुस्तकातला धडा तिला वाचता येईल का आणि शाळा अशा मुलांना कशी सांभाळून घेते, हे मराठीच्या शिक्षिकाच नीट सांगू शकतात. मेलमध्ये हे आधी आलं, तर मुख्याध्यापिका त्यांना पाच मिनिटं बोलावून ठेवू शकतात.

फीचा प्रश्न मेलमध्ये घालायची गरज नाही. तो समोर विचारावा आणि छापील तपशील मागावा. पुढच्या वर्षाची फी डिसेंबरात ठरलेली असेलच असं नाही, त्यामुळे "चालू वर्षाची किती" असं विचारलं की सरळ आकडा मिळतो.

मेलचा नमुना

> विषय: इयत्ता ६वी प्रवेश (२०२७-२८), शाळाभेटीसाठी १८ किंवा २१ डिसेंबर रोजी वेळ मिळण्याबाबत
>
> मा. मुख्याध्यापिका / प्रवेश विभाग,
> (शाळेचे नाव), पुणे
>
> स. न. वि. वि.
>
> माझी मुलगी (पूर्ण नाव, जन्मतारीख) बंगळूर येथील सीबीएसई शाळेत इयत्ता ५वीत शिकत आहे. नोकरीतील बदलीमुळे आम्ही एप्रिल २०२७ पासून पुण्यात राहायला येत आहोत. तिला २०२७-२८ या वर्षी आपल्या शाळेत इयत्ता ६वीत प्रवेश मिळावा अशी आमची इच्छा आहे.
>
> त्यापूर्वी आम्हाला शाळा पाहायची आहे, तसेच प्रवेशासंबंधी आपल्याशी किंवा समन्वयकांशी १५-२० मिनिटे बोलायचे आहे. पुढीलपैकी एका दिवशी वेळ मिळाल्यास बरे होईल:
>
> १. शुक्रवार, १८ डिसेंबर २०२६, सकाळी १० ते दुपारी १२.३०
> २. सोमवार, २१ डिसेंबर २०२६, सकाळी १० ते दुपारी १२
>
> शुक्रवार आम्हाला अधिक सोयीचा आहे. या दोन्ही दिवशी शाळेला शक्य नसल्यास फोनवर बोलता आले तरी चालेल.
>
> मुख्यतः दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: सहावीत जागा होण्याची शक्यता व प्रतीक्षा यादीची पद्धत; आणि मराठी विषय, कारण मुलीने शाळेत आतापर्यंत मराठी घेतलेले नाही. आम्ही दोघे पालक आणि मुलगी येऊ.
>
> येताना कोणती कागदपत्रे आणावीत हे कृपया कळवावे.
>
> आपली,
> (पूर्ण नाव)
> (मोबाइल क्रमांक; फोनसाठी सोयीची वेळ: दुपारी १ ते २)

विषयाच्या ओळीत इयत्ता, वर्ष आणि तारखा आल्या आहेत, म्हणजे मेल न उघडताही तो कशाबद्दल आहे ते समजतं. "शुक्रवार अधिक सोयीचा" हे सांगितल्यामुळे दोन्ही दिवस मोकळे असतील तर निवड झालेलीच आहे. फोनचा पर्याय दिला आहे, कारण बाहेरगावच्या पालकाला तिसरा दिवस देण्यात अर्थ नसतो.

काय घातलेलं नाही तेही बघा. मुलीचे गुण, बक्षिसं, नृत्याच्या परीक्षा यांतलं काही नाही. आधार कार्डाची प्रत नाही, फोटो नाही. वेळ ठरवायला यातलं काही लागत नाही, आणि लहान मुलीची कागदपत्रं अनोळखी पत्त्यावर पाठवण्याचं कारणही नाही. ओळखीचा नगरसेवक किंवा संस्थेचा विश्वस्त यांचं नावही पहिल्या मेलमध्ये घालू नये. कार्यालयातल्या लोकांना ते आवडत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही.

शाळेने व्हॉट्सॲप क्रमांकच दिला असेल, तर हाच मजकूर तिथे चिकटवू नका. फोनच्या पडद्यावर तो फार लांब होतो. एवढं पुरे:

> नमस्कार. इयत्ता ६वी, २०२७-२८ च्या प्रवेशासाठी चौकशी. मुलगी सध्या बंगळूरला सीबीएसई ५वीत. नोकरीतील बदलीमुळे पुण्याला येत आहोत. शाळा पाहण्यासाठी व १५ मिनिटे बोलण्यासाठी शुक्र. १८ डिसें. (१० ते १२.३०) किंवा सोम. २१ डिसें. (१० ते १२) यांपैकी वेळ मिळेल का? (नाव)

सगळं एकाच संदेशात पाठवा. "नमस्कार" लिहून उत्तराची वाट बघत बसलात तर तो संदेश तिथेच राहतो.

पाठवल्यानंतर

१८ तारखेच्या भेटीसाठी मंगळवार ८ डिसेंबरला सकाळी मेल जावा. त्याहून फार आधी पाठवला तर "जवळ आल्यावर बघू" होतं आणि दोन-तीन दिवस आधी पाठवला तर वेळ भरलेली असते. शुक्रवार ११ तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर फोन करा, पण "मेल मिळाला का?" एवढंच विचारू नका, कारण त्यावर "बघून सांगते" हे उत्तर ठरलेलं. "सहावीसाठी १८ किंवा २१ची वेळ मागितली होती, मंगळवारच्या मेलमध्ये" असं सांगितलं की त्या तिथल्या तिथे शोधतात. सोमवार १४ पर्यंतही काही ठरलं नाही, तर फोनवरच बोलणं उरकण्याची विनंती करा आणि ते दोन तास दुसऱ्या शाळेला द्या.

वेळ मिळाली की लगेच एका ओळीत कबुली पाठवा: "शुक्रवार १८ डिसेंबर, सकाळी ११. आम्ही तिघे येतो. धन्यवाद." सोबत विचारा की फाटकावर कुणाचं नाव सांगायचं. हे छोटं वाटतं, पण सुरक्षारक्षकाच्या नोंदवहीत "कोणाला भेटायचं" हा रकाना असतो आणि त्यात "ऑफिस" लिहिलं की वीस मिनिटं बाकावर बसावं लागतं.

उत्तरात कधीकधी "मुलीशी इंटरॅक्शन होईल" असं येतं. गप्पा मारणं वेगळं आणि प्रवेशासाठी चाचणी घेणं वेगळं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी करता येत नाही आणि देणगीही घेता येत नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा मात्र २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर या कायद्याबाहेर आहेत. मेलवर यावरून वाद घालू नका. "इंटरॅक्शनचं स्वरूप काय असेल?" एवढं विचारा. लेखी परीक्षा असेल तर ते उत्तरातच दिसतं आणि मग या शाळेत जायचं की नाही ते घरी बसून ठरवता येतं.

भेटीला जाताना जन्मदाखल्याची प्रत, चालू वर्षाचं प्रगतिपत्रक आणि बदलीचं पत्र बरोबर असू द्या. मुलीच्या सध्याच्या शाळेतून तिचा पेन क्रमांक आधीच लिहून घ्या. यूडायस प्लस प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याला हा कायमचा क्रमांक असतो, आणि नवी शाळा त्यावरूनच तिची नोंद आपल्याकडे ओढून घेते. हे होण्यासाठी जुन्या शाळेने आधी तिला तिथून मोकळं करावं लागतं; एप्रिलमध्ये प्रवेश अडकतो तो बऱ्याचदा इथेच. पण शाळा सोडल्याचा दाखला आत्ता काढू नका. नव्या शाळेचं प्रवेशाचं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय जुनी जागा सोडायची नाही.

भेट झाल्यावर शाळा पसंत पडली नाही, तर तेही कार्यालयाला कळवा: "आम्ही दुसरीकडे प्रवेश घेत आहोत, यादीतून नाव काढावे." प्रतीक्षा यादीत तुमच्या खाली असलेल्या कुणाची तरी बदली तेवढीच खरी असते.